गोदाम नाही, तरी आवक हवी

ड्रॉप शिपिंगचे हिशेब पाहताना मला एक गोष्ट वारंवार खटकते: नफा ऑर्डर आली त्याच क्षणी मोजला जातो. नाशिकचा विक्रेता पुण्याच्या ग्राहकाला साडी विकतो, खरेदीची ऑर्डर सुरतच्या व्यापाऱ्याकडे जाते आणि पार्सल सुरतेहून थेट पुण्याला पोहोचतं. बिलं मात्र दोन होतात. सुरतचा व्यापारी नाशिकच्या नावाने आंतरराज्य जीएसटी लावून बिल करतो. नाशिकचा विक्रेता ग्राहकाला राज्यांतर्गत कर लावून बिल देतो. पार्सलमध्ये चुकून पहिलं बिल गेलं, तर ग्राहकाला आपला खरेदीभाव कळतो. पण त्याहून मोठा धोका वहीत असतो. स्वतःचं गोदाम असेल तर माल उतरवताना नग मोजून आवक नोंदवली जाते आणि पुरवठादाराचं बिल त्या नोंदीशी ताडलं जातं. इथे माल आपल्या दारात येतच नाही, त्यामुळे ही तपासणी गळून पडते. तिची जागा कुरिअरच्या ‘पोहोचलं’ या नोंदीने घ्यायला हवी, आणि विक्री, खरेदी, पार्सल, बिल या चारही ठिकाणी एकच ऑर्डर क्रमांक हवा.

कर वगळून एक उदाहरण धरू. साडीची विक्री १,००० रुपये, यादीतला खरेदीभाव ६२०, कुरिअर ८०, घरपोच रोख वसुलीचा आकार ४०. म्हणजे नफा २६०. महिनाअखेरीस पुरवठादाराचं बिल ६५० ने येतं, कारण भाव वाढला आणि आपली यादी जुनीच राहिली. नफा २३० वर आला. अशा दहा ऑर्डरींपैकी दोन ग्राहकांनी पार्सल घेतलंच नाही, तर आठांचे १,८४० मिळतात आणि परतलेल्या दोन पार्सलांचं जाण्यायेण्याचं भाडं, प्रत्येकी १५० धरून, ३०० जातं. उरले १,५४०. पुरवठादाराने परतलेला माल घ्यायला नकार दिला आणि त्या साड्या पुन्हा खपल्या नाहीत, तर आणखी १,३०० जातात. दहा ऑर्डरींचे २४० रुपये! जाहिरातीचा खर्च अजून धरलेलाच नाही.

यावर कुणी म्हणेल, सरासरी खर्च धरला की भागतं, दर ऑर्डरीमागे एवढी कारकुनी कशाला? एकाच पुरवठादाराकडून स्थिर भावाने माल येत असेल तर मलाही ते मान्य आहे. पण सरासरी काढली की कोणता पुरवठादार भाव चढवतो आणि कोणत्या भागातून पार्सलं परत येतात, हे दिसेनासं होतं. म्हणजे नुकसान कळतं, पण त्याची जागा कळत नाही. दुसरा आक्षेप असा, की बिल येईपर्यंत थांबलं तर आज भाव कसा ठरवायचा? थांबू नये. ऑर्डरीवर अंदाजी नफा लिहावाच, पण त्याच्या शेजारी प्रत्यक्ष नफ्याचा रकाना रिकामा ठेवावा. पुरवठादाराचं बिल आणि कुरिअरचं देयक हाती येईपर्यंत, शिवाय परतीची मुदत संपेपर्यंत, तो भरू नये.