हशा आणि त्याच्या मागचं चरण

कीर्तनकाराला उलट उत्तर देणारं कुणी नसतं. तमाशातला सोंगाड्या वावगं बोलला की मागून कुणीतरी ओरडतो, शिट्टी मारतो, आणि हिशेब जागच्या जागी चुकता होतो. नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्याचं तसं नाही. कीर्तनाआधी गावाने त्याला हार घातलेला असतो आणि संपल्यावर बायाबापड्या त्याच्या पाया पडणार असतात. त्याने एखाद्याची टर उडवली, तर तो माणूस चारचौघांबरोबर हसतो, कारण दुसरं काही करणं त्याच्या हातात नसतं. बारामती-इंदापूर पट्ट्यात सप्त्यांमधून कीर्तनं करताना विनोदाबद्दल मी जे काही ठरवत आलो, ते या एका गोष्टीतून निघालं आहे.

विनोद नकोच, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्याकडे सप्त्यातलं कीर्तन रात्री नऊला उभं राहतं ते अकरापर्यंत. समोरचा माणूस दिवसभर उसाला पाणी देऊन, गोठ्यातलं उरकून, पंगतीला जेवून मांडवात आलेला असतो. निरूपण जरा जड झालं की मागच्या खांबाला पहिली पाठ टेकते. हसवलं की तो जागा होतो, हे खरं. पण जागा कशासाठी केला, हे त्याला पुढच्याच वाक्यात कळलं पाहिजे.

एक उदाहरण घेतो. अभंग मनाच्या चंचलपणाचा आहे. देह देवापाशी बसतो आणि चित्त भलतीकडे हिंडतं, असा भाव. हे समजावायला इथल्या माणसाला हिमालयातल्या साधूची गोष्ट नको. त्याच्याकडे शेतीची लाईट आहे. थ्री फेज रात्रपाळीला असते, मोटरीला मोबाईलवरून चालू होणारा स्टार्टर बसवलेला असतो, आणि कीर्तन चालू असताना खिशातला फोन थरथरतो. मी म्हणतो, ‘‘परवा कीर्तनाला बसलो होतो. महाराज सांगत होते, डोळे मिटा आणि विटेवरचं सावळं रूप आठवा. मिटले डोळे. आठवलं रूप. विटेवर उभी होती, पण साडेसात हॉर्सपॉवरची.’’

इथे बारकावे आहेत. हसवणारा शब्द वाक्याच्या अगदी शेवटी आला पाहिजे. ‘साडेसात हॉर्सपॉवरची मोटर विटेवर दिसली’ असं म्हटलं, की हशा वाक्याच्या मध्येच फुटतो आणि उरलेलं वाक्य वाया जातं. मृदंगमण्याला आधी सांगून ठेवावं लागतं, की या ठिकाणी थाप नको. विनोदावर थाप पडली की त्याचा नाच होतो. हशा उठल्यावर मी थांबतो, पण तो पुरता विरू देत नाही. ओसरायला लागला, की त्याच सुरात अभंगाचं चरण धरतो. मागचे टाळकरी ते उचलतात आणि हसलेली माणसं त्याच तोंडाने चरण म्हणू लागतात. ही सांधेजोड जमली तर विनोद कामाला आला. हशा पुरता थंड होऊ दिला, तर ‘असो’ म्हणून अभंगाकडे वळावं लागतं. आणि ज्या विनोदानंतर ‘असो’ म्हणावं लागतं, तो अभंगाचा नव्हताच, असं मी समजतो.

गोष्टीत डोळे मिटून बसलेला मी आहे, हेही मुद्दाम आहे. पुढे बसलेल्या एखाद्या बागायतदाराचं नाव घेऊन हीच गोष्ट सांगितली, तर हशा दुप्पट येतो. फक्त त्या हशात बाकीचं गाव सुटतं. सगळे त्याच्याकडे बघतात, आपल्या खिशातल्या फोनची कुणालाच आठवण राहत नाही, आणि त्या माणसाला पुढचं वर्षभर पारावर ‘काय, विटेवर कोण?’ ऐकावं लागतं. हशा उठला की मी आवाजाकडे नव्हे, नजरांकडे बघतो. माणसं हसून खाली बघत असतील, शेजाऱ्याच्या मांडीवर थाप देत असतील, तर ठीक. सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या असतील, तर तिथे कुणीतरी जखमी झालं आहे. बायकांची बाजूही बघावी. पुरुष हसताहेत आणि तिकडे पदर तोंडाला लावून शांतता आहे, याचा अर्थ लाजणं असाच असतो असं नाही.

बायकोवरचा, सुनेवरचा, पोरींच्या कपड्यांवरचा विनोद सगळ्यात स्वस्त. त्याला ना अभंग लागतो, ना तयारी. आमच्या भागात अलीकडे त्यात भर पडली आहे ती लग्न न जमणाऱ्या पोरांची. बागायती रान, बंगला, ट्रॅक्टर सगळं असून शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही. हा विषय काढला की मांडव डोक्यावर घेतला जातो. पण त्या मांडवात वाढपी म्हणून राबणारी निम्मी पोरं तीच असतात, आणि त्यांच्या आया समोर बसलेल्या असतात. मी हा विषय वर्ज्य केलेला नाही. हसायचं तर मुलीच्या बापापुढे एकराचे आकडे फुगवून सांगणाऱ्या मध्यस्थावर हसतो, पोरावर नाही.

ही वाट काही मी शोधलेली नाही. एकनाथांच्या भारुडात सासू-सासऱ्याचा काटा काढ म्हणून भवानीला रोडगा कबूल करणारी सून आहे. वरवर बघता हा सुनेवरचा विनोद. पण भारूड करणारा स्वतःच ती सून होऊन उभा राहतो, आणि ऐकता ऐकता तिला नको असलेला गोतावळा म्हणजे आपल्यालाच चिकटलेले विकार आहेत, हे उलगडत जातं. गाडगेबाबांनी दुसरी युक्ती केली. त्यांनी श्रोत्याला बोलतं केलं. ते प्रश्न विचारायचे आणि समुदाय उत्तर द्यायचा. 1956 च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते ऐकताना कळतं, की हशा बाबांच्या वाक्यावर जितका येतो, तितकाच लोकांना स्वतःच्या तोंडून निघालेल्या उत्तरावर येतो. उत्तर आपणच दिल्यावर रागवायचं कुणावर? मात्र ही रीत उचलायला सोपी दिसते म्हणून फसवी आहे. प्रश्न असा लागतो, की त्याचं उत्तर एकट्याने द्यायची पाळी कुणावर येऊ नये. ‘कर्ज काढून जेवणावळी घालाव्यात का?’ असं सगळ्यांना विचारता येतं. ‘तुम्ही किती काढलं?’ असं एकाकडे बोट करून विचारलं, की कीर्तनकार वसुलीवाला झाला.

आषाढीच्या वाटेवर गणित आणखी बदलतं. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत इंदापूरला येते, तेव्हा दिंड्यांतून मराठवाड्यातली, विदर्भातली माणसं समोर असतात. तिथे साडेसात हॉर्सपॉवर चालते, पण नीरा डाव्या कालव्याच्या पाळीवरची कोटी चालत नाही. इथले चार हसतात आणि बाकीचे आपल्याला काही कळलं नाही म्हणून ओशाळतात. ती मी काढून टाकतो.

दशक्रियेच्या प्रवचनात मात्र मी स्वतःहून काहीच आणत नाही. घाटावर बसण्याआधी घरच्यांशी बोलतो. एकदा एका म्हाताऱ्याच्या लेकीनेच सांगितलं, की अण्णा पाहुण्यांना चहा विचारायचे आणि पाहुणा ‘हो’ म्हणाला की दूध नासलंय म्हणायचे. मी तिला विचारलं, ‘‘सांगू का ताई?’’ ती म्हणाली, ‘‘सांगा की महाराज, सगळ्या भावकीला ठाऊक आहे.’’ सांगितलं, आणि लगेच त्याच्यामागे, त्याच अण्णांनी वाचवलेल्या पैशातून दोन भाच्यांची शिक्षणं झाल्याचं सांगितलं. तेही तिनेच सांगितलेलं. हे दुसरं हाताशी नसतं, तर पहिलं बोललो नसतो.

आता मांडवात तीन-चार मोबाईल उभे असतात, आणि सकाळपर्यंत कीर्तनातलं अर्धं मिनिट कापून गावोगाव फिरतं. कापणारा हशापाशी थांबतो. चरण त्याला नको असतं. म्हणून हल्ली मी विनोद आणि चरण यांच्यात श्वासही घेत नाही. कापायला गेलं तर चरणाचा पहिला शब्द तरी बरोबर गेलाच पाहिजे.