चिंगीचा पाय

चिंगी गुरगुरली तो रविवार होता. माझा नातू आरव सात वर्षांचा. ती पोत्यावर झोपलेली असताना हा मागून गेला आणि तिच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. तिनं आधी तोंड फिरवलं, मग ओठ चाटले, आणि तरी सुटका होत नाही म्हटल्यावर घशातून एक खोल आवाज काढला. चावली नाही, दातही दाखवले नाहीत. पण सून स्वयंपाकघरातून धावत आली आणि संध्याकाळी मला स्पष्टच म्हणाली, ‘‘आत्या, मला भीती वाटते. कुणाला तरी देऊन टाकूया हिला.’’

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आईच ती. पण चिंगीचंही चुकलं नव्हतं. टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत पावसात भिजत सापडलेलं ते पिल्लू आता दोन वर्षांचं झालं होतं. कुत्र्याला गळामिठी कळत नाही, ते त्याला अडकवून ठेवणं वाटतं. आणि गुरगुरणं ही त्याची ‘पुरे’ म्हणायची भाषा. त्यासाठी मार दिला तर ते गुरगुरणं सोडतं आणि पुढच्या वेळी न सांगता चावतं. मी सुनेकडे एक महिना मागितला. या महिन्यात दोघं माझ्याशिवाय एकत्र नसतील, असा शब्द दिला.

आरवला तिला हात लावायचाच होता. मग हात लावायची परवानगी तिच्याकडूनच घ्यायला शिकवावं, असं मनात आलं. म्हणून सुरुवात पाय देण्यापासून केली.

पहिला प्रश्न खाऊचा. लोक अंडं, मटणाचे तुकडे देतात. आमच्या घरात ते शक्य नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. बिनमिठाचं पनीर घरीच केलं आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे कापले. तुकडा एवढाच हवा, म्हणजे गिळून लगेच पुढच्याकडे लक्ष. आरवनं खिशातले बेदाणे पुढे केले तेव्हा मात्र मी त्याचा हात धरला. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. चॉकलेट आणि कांदाही नाही. आमची जेवणं दिवस मावळायच्या आत उरकतात, तिचंही ताट तेव्हाच. म्हणून शिकवणी साडेपाचला, तिला भूक असताना. फक्त पाच मिनिटं.

पहिले दोन दिवस मीच केलं, आरव बघत बसला. चिंगी बसली की पनीर मुठीत धरून मूठ तिच्या छातीच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर न्यायची. ती हुंगते, चाटते, नाकानं ढकलते. आपण गप्प. काही केल्या मूठ उघडत नाही म्हटल्यावर ती पाय उचलून ओरबाडते. पंजा मुठीला लागला त्या क्षणी ‘हां!’ म्हणायचं आणि मूठ उघडायची. ‘हां’ हा शब्द म्हणजे खूण, ‘हेच मला हवं होतं’ अशी. तो दोन सेकंद उशिरा आला तर पाय खाली गेलेला असतो, आणि तिला वाटतं बक्षीस पाय ठेवण्याचंच आहे.

तिसऱ्या दिवशी आरवला बसवलं. तो नेमका इथंच चुकायचा. ती पाय लावायची, हा माझ्याकडे बघून हसायचा, मग आठवायचं. शेवटी वाटून घेतलं, ‘हां’ त्यानं म्हणायचं, खाऊ मी द्यायचा. एकाच कामावर लक्ष राहिल्यावर त्याचं ‘हां’ वेळेवर यायला लागलं.

पाय पाच-सहा वेळा न चुकता आला, मग रिकामा तळवा पुढे करायचा आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्यायचा. तेही जमल्यावरच शब्द. आधी ‘चिंगी, पाय’ म्हणायचं, मग तळवा. आम्ही बहुतेक जण उलटं करतो. पहिल्या दिवसापासून ‘पाय दे, पाय दे’ म्हणत तिचा पाय ओढून हातात घेतो. पाय ओढलेला बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही. मग ते हात दिसला की लांब पळतात. आरवला एकच नियम होता, तिचा पाय तळव्यावर येईल, आपण बोटं मिटायची नाहीत.

आठवड्यात जमलं आणि लगेच नवीन त्रास सुरू झाला. पनीर मिळतं म्हणून चिंगी ज्याला त्याला पाय द्यायला लागली. धुतलेली साडी नेसून बस्तीला निघालेल्या माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या निऱ्यांवर चिखलाचा पंजा उमटला! ‘‘बाई गं, हे काय शिकवलंस?’’ त्या म्हणाल्या. उपाय सोपा, पण घरातल्या सगळ्यांनी पाळायचा. न मागता पाय दिला तर खाऊ नाही, रागावणं नाही, बघणंसुद्धा नाही. रागावणं हेही तिच्या लेखी लक्ष देणंच. चारेक दिवसांत ते थांबलं.

मग लोळण घेणं. हे अवघड, कारण पोट वर करणं म्हणजे कुत्र्यानं स्वतःला सगळं सोपवणं. फरशी टाळून घोंगडी अंथरली. पाठ दुखणाऱ्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला हे शिकवूच नये, आणि जेवण झाल्यावर तर कुणालाच नाही. चिंगी आडवी बसली की आधी बघायचं, ती कुठल्या कुशीवर रेललीय. ती डावीकडे रेलायची. मग खाऊ नाकापाशी धरून हळूहळू उजव्या खांद्याकडे न्यायचा. मान वळते, मागोमाग अंग डाव्या कुशीवर कलंडतं. तिथंच ‘हां’ आणि खाऊ. पुढचं दुसऱ्या दिवशी.

कुशीपर्यंत ती तीन दिवसांत आली आणि तिथंच अडली. खाऊ खांद्यावरून पाठीच्या कण्यापलीकडे नेला की उठूनच बसायची. दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी आरवचा धीर सुटला आणि त्यानं तिच्या बरगडीवर हात ठेवून ढकललं. चिंगी ताठ झाली, जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसला. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यानंच हात काढला. ‘‘आज्जी, ती पुरे म्हणतीय,’’ म्हणाला. त्या दिवशी एकदा पाय मागून, खाऊ देऊन शिकवणी संपवली. अडलेल्या ठिकाणी सोडायचं नाही, जमतंय त्यावर थांबायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाऊ पूर्ण न्यायचंच सोडलं. कुशीवरून नाक बोटभर वर वळलं तरी ‘हां’. मग दोन बोटं. असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी मान एवढी वळली की चारही पाय आकाशात गेले आणि ती पलीकडे धप्प पडली. तिला स्वतःलाच नवल वाटलं असावं, उठून अंग झाडलं आणि पुन्हा येऊन बसली. आरव ओरडला नाही. तोंडावर हात दाबून नाचला. ओरडलं तर ती दचकते, हे त्याला आता ठाऊक होतं.

महिना संपला त्या संध्याकाळी सून चहाचा कप घेऊन पायरीवर बसली होती. चिंगी पोत्यावर झोपली होती. आरव आला, तिच्यापासून दोन हातांवर बसला आणि तळवा जमिनीवर उघडा ठेवला. शब्द काही बोलला नाही. चिंगीनं एक डोळा उघडला, बघितलं आणि परत मिटला. तो तसाच बसून राहिला. बऱ्याच वेळानं ती उठली, आळस दिला आणि डावा पाय त्याच्या हातावर ठेवला.

‘‘उद्या पनीर मी करते, आत्या,’’ सून म्हणाली.