ब्लीचनंतरचा काळा रंग

ब्लीच करून सोनेरी केलेल्या केसांवर सरळ गडद तपकिरी रंग लावला, तर तपकिरी उतरेलच असे नाही. पुष्कळदा मळकट, शेवाळी हिरवी झाक येते, आणि कधी ती तेव्हा न दिसता दोन-चार धुण्यांनंतर उघडी पडते. रंगाच्या खोक्यावरची हसरी बाई याबद्दल अवाक्षर काढत नाही. तिच्या केसांना बहुधा ब्लीच कधी लागलेलेच नसते.

हिरव्याचे कारण केसातून जे निघून गेले त्यात आहे. काळ्या केसातले रंगद्रव्य ब्लीचने विरत जाते तसा केस आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा होतो. सलूनच्या शेड कार्डावर 1 म्हणजे काळा आणि 10 म्हणजे अगदी फिका सोनेरी. भारतीय केस साधारण 1 ते 3 मध्ये येतात. ते 9 वर नेले की लाल आणि नारिंगी जवळजवळ संपते, फिके पिवळे तेवढे उरते. तपकिरी रंग दिसायला लाल, पिवळे आणि निळे तिन्ही लागतात. बाजारातले बरेच तपकिरी रंग खालचा लाल-नारिंगी अंश केसात असणारच असे धरून केलेले असतात. तो नसला की रंगातले निळे आणि केसातले पिवळे यांचीच गाठ पडते.

म्हणून गडद रंगाच्या आधी ऊब परत भरावी लागते. सलूनमध्ये याला फिलर म्हणतात. खांद्यापर्यंतचे केस घ्या: मुळाशी बोटभर काळी वाढ, खाली सगळे 9 वर. मुळांना हात लावायचा नाही. खालच्या भागावर 7 च्या आसपासची तांबूस-सोनेरी छटा लावायची, तीही अमोनिया नसलेली आणि सौम्य डेव्हलपरची. ती धुतल्यावर आरशात गाजरी केस दिसतात आणि धीर सुटतो. नेमक्या याच क्षणी पुष्कळ जणी घाबरून राखी छटा मागतात आणि हिरव्याला पुन्हा दार उघडून देतात. खरे तर तांबडे दिसणे हे काम जमल्याचे लक्षण आहे. त्यावर 5 ची साधी तपकिरी छटा द्यायची. थेट 2 किंवा 3 नाही, कारण ब्लीचने केसाचे खवले उघडे पडतात, टोके रंग अधाशासारखी पितात आणि ठरवल्यापेक्षा गडद होतात. काळा आणखी चढवणे सोपे असते, उतरवायला मात्र पुन्हा ब्लीचच लागते. म्हणून मानेजवळच्या एका बटेवर हे सगळे आधी करून पाहावे, आणि रंगाची ॲलर्जी नाही ना हे दोन दिवस आधी त्वचेवर तपासावे.

घरोघरच्या बायकांना ही युक्ती दुसऱ्या वाटेने ठाऊक आहे. पांढऱ्या केसांवर आधी मेंदी लावून ते तांबडे करायचे आणि मग नीळपानाची पूड लावून तपकिरी-काळे करायचे. तांबड्याशिवाय नुसती नीळ लावली, तर फिका केस निळसर-हिरवा होतो. ब्लीच केलेल्या केसांनाही ही जोडी चालते, पण पूड शुद्ध हवी. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पुड्यांत पीपीडी हे रासायनिक रंगद्रव्य असते आणि त्याने काहींच्या डोक्याला भयंकर खाज व सूज येते.

1931 च्या ‘प्लॅटिनम ब्लॉन्ड’ या चित्रपटाने अभिनेत्री जीन हार्लोचे चंदेरी केस जगभर नेले. 1936 च्या ‘रिफरॅफ’मध्ये ती गडद केसांत दिसली. तो टोप होता, कारण ब्लीचने तिच्या केसांचे फार हाल केले होते. रंगापेक्षा केसाचा धागाच आधी हरतो, आणि त्याची परीक्षा सोपी आहे. ओला केस हलकेच ताणला की तो थोडा लांबून मागे यायला हवा. लांबतच राहिला, बोटांत चिकट लागला, तर त्यावर कोणताही रंग टिकत नाही. एवढा भाग कापावाच लागतो.

धागा शाबूत असला तरी पहिला रंग फार दिवस राहत नाही. काही आठवड्यांत तो उतरतो आणि खालचे पिवळे डोकावू लागते. दुसऱ्या वेळी मात्र फिलरची गरज बहुधा पडत नाही, कारण पहिल्या खेपेची ऊब थोडीफार उरलेली असते. आता 4 ची छटा देऊन मुळांच्या जवळ जाता येते. उन्हात काळी मुळे आणि रंगवलेली लांबी वेगळी दिसली, तर लांबीला दर वेळी नुसती फिकी तपकिरी चमक द्यायची, पुन्हा पूर्ण रंग नाही.

केस बाहेर आल्यावर तो निर्जीव असतो आणि स्वतःचा रंग पुन्हा बनवू शकत नाही. खरा काळा फक्त मुळातून येतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. खांद्यापर्यंतची लांबी पूर्ण बदलायला अडीच-तीन वर्षे जातात. तेवढ्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी टोकांचा बोटभर भाग छाटत राहिले, तर लांबी फारशी न घटता सोनेरी हळूहळू संपते. शेवटी ब्लीचची जी टोके राहतात ती कितीही रंगवली तरी कोरडीच असतात. त्यांची छाटणी तेव्हा कोणी कापणे म्हणून मोजत नाही.