अण्णांचं पाकीट

लहानपणी कपाटाच्या लॉकरमध्ये एक खाकी पाकीट दिसायचं. हात लावला की अण्णा म्हणायचे, "ठेव गं, ते तुमचंच आहे, पण आत्ता नाही." कॉलेजात गेल्यावर कळलं, ते मृत्युपत्र होतं. 2009 साली अण्णा गेले आणि पाकीट मामाच्या हाती आलं, कारण अण्णांनी त्यालाच एक्झिक्युटर नेमलं होतं.

मुंबई उच्च न्यायालयातून प्रोबेट मिळालं, तेव्हा मी ते अधाशासारखं वाचलं. दादरचं घर माझ्या आणि ताईच्या नावे झालं, हे वाक्य मी शोधत होते. ते नव्हतंच. मृत्युपत्र सिद्ध झालं आहे आणि मालमत्तेच्या कारभाराचा अधिकार एक्झिक्युटरला दिला आहे, एवढाच मजकूर. मागे अण्णांच्या निळ्या शाईतल्या अक्षरांची प्रत जोडलेली, वर कोर्टाचा शिक्का. मला रडू आलं.

वकीलबाईंनी समजावलं की हुकूम आणि मागची पानं एकत्र वाचायची. एक्झिक्युटरला घर विकता येतं, पण आई हयात असेपर्यंत घर विकू नये, असं अण्णांनी लिहून ठेवलं होतं. त्यामुळे कोर्टाच्या परवानगीशिवाय मामाचा तो अधिकार तिथेच थांबत होता. आईची काळजी त्यांनी किती आधी करून ठेवली होती!

मग मालमत्तेची यादी वाचली. त्यात कोकणातलं शेत होतं, ताईच्या नावे लिहिलेलं. पण ते वडिलोपार्जित, काकांच्या वाट्यासकट. प्रोबेटने एवढंच ठरतं की मृत्युपत्र खरं आहे. अण्णांचा हक्क किती, हे ठरत नाही. काकांचा वाटा काकांचाच राहिला. तो मोह ताईने तिथल्या तिथे सोडला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

यादीत एक मुदत ठेव राहून गेली होती, पावती पुस्तकात अडकलेली. बँकेने यादीत नाही म्हणून पैसे अडवले. यादीत दुरुस्तीचा अर्ज आणि वाढीव कोर्ट फी, यात काही महिने गेले. प्रोबेटचा अर्ज करण्याआधी घरातलं प्रत्येक पुस्तक झटकायला हवं होतं.

मामाने सहा महिन्यांच्या आत कोर्टात मालमत्तेचं यादीपत्रक दिलं, वर्षाच्या आत हिशेब. त्याने दोनशे पानी वही केली होती. पहिल्या पानावर अंत्यविधीचा खर्च, मग दवाखान्याचं बिल, मग अण्णांनी शेजाऱ्यांकडून घेतलेले हातउसने. "आधी त्याचं देणं फिटू दे, मग तुमचं," तो म्हणाला.

ते फिटल्यावर त्याने आम्हा दोघींना घर देण्यास संमती असल्याचं पत्र लिहून दिलं. ते आणि प्रोबेटची प्रमाणित प्रत घेऊन आम्ही सोसायटीत गेलो. भागपत्रावर आमची नावं चढली. मूळ प्रोबेट आईने त्याच खाकी पाकिटात घातलं आणि लॉकरमध्ये ठेवलं.