२०२१ मधला मी अजून त्यांच्याकडे आहे

गेल्या आठवड्यात कंपनीत जेवायला बसलो होतो, तेवढ्यात हिंजवडीतल्या एका कंपनीतून फोन आला. "सर, जावा डेव्हलपर, तीन ते पाच वर्षं अनुभव. तुमची अपेक्षा साडेसात लाख आहे ना?"

साडेसात? हा आकडा मी २०२१ मध्ये त्यांच्या साइटवर अर्ज करताना भरला होता. तेव्हा अनुभव तीन वर्षं. त्यांनी नकारसुद्धा कळवला नव्हता. आज मी जावा सोडून डेटाच्या कामात आहे.

एचआरमधल्या मैत्रिणीला विचारलं, हे होतं कसं? ती म्हणाली, अरे, जागा निघाली की आधी घरचीच पेटी उघडतात. नोकरीच्या पोर्टलला पैसे पडतात, स्वतःचा डेटाबेस फुकट. शोधात टाकायचं जावा, पुणे, तीन ते पाच वर्षं. तुझा रेझ्युमे आला त्या दिवशी सॉफ्टवेअरने त्यातून अनुभव "३" असा उचलून रकान्यात ठेवला. तो आकडा आपोआप वाढत नाही. म्हणून तू अजून तीन वर्षांचाच.

म्हणजे जे काम मी सोडलं त्यासाठी मी सापडतो, आणि जे आज करतो त्यासाठी सापडतच नाही! शिवाय पगाराची बोलणी माझ्याच जुन्या आकड्यापासून सुरू होतात.

मग हा रेझ्युमे ठेवायचा तरी किती दिवस? आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. त्यात रेझ्युमेसाठी वर्षांची मुदत दिलेली नाही. तत्त्व एवढंच, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं किंवा तुम्ही संमती मागे घेतली, की माहिती पुसायची. पण अर्ज करताना आपण ज्यावर टिक करतो तिथे बहुतेकदा "भविष्यातील संधींसाठी" असं लिहिलेलं असतं. आता भविष्य संपणार कधी?

मी काय केलं, सांगतो. नवीन ईमेलने पुन्हा अर्ज केला नाही. बहुतेक ठिकाणी माणूस ईमेलवरून ओळखतात, त्यामुळे नवीन ईमेल म्हणजे दुसरं खातं, आणि जुनं तसंच राहतं. जुन्याच ईमेलने लॉगिन केलं, अनुभव, कौशल्यं, नोटीस पिरियड, पगार सगळं बदललं. दुसऱ्या एका कंपनीत मला जायचंच नाही. तिच्या प्रायव्हसी पॉलिसीतल्या पत्त्यावर "माझी माहिती काढून टाका आणि काढल्याचं कळवा" असा मेल टाकलाय.

उत्तर अजून आलेलं नाही. तुम्ही शेवटचा अर्ज कुठे केला होता, आणि त्यात पगार किती लिहिला होता, आठवतंय का?