कोऱ्या पानाचे तीन अडथळे

‘सुचत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या माणसाशी पाच मिनिटे बोलत बसले, तर त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे हे लगेच कळते. तोच माणूस कागद पुढे घेतो तेव्हा मात्र अडतो. माझ्या मते याचे कारण असे की बोलताना समोरचा माणूस, त्याचा प्रश्न आणि हाताशी असलेला वेळ या तीन गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. कोऱ्या पानावर यातले काहीच ठरलेले नसते. कशाबद्दल लिहायचे, कोणत्या आकारात लिहायचे आणि लिहिलेले बरे आहे की वाईट, हे तिन्ही निर्णय लेखकाला एकाच क्षणी, पहिल्या वाक्याच्या आधी घ्यावे लागतात. लेखनाच्या सरावात शब्दयादी, ठरावीक रचनाबंध आणि घड्याळ लावून केलेला खर्डा अशी बंधने वापरली जातात, ती या तीन निर्णयांपैकी एकेक निर्णय लेखकाच्या हातून काढून घेण्यासाठी. यादी विषयाचा निर्णय काढून घेते, रचनाबंध आकाराचा, आणि घड्याळ परीक्षणाचा. म्हणून आपण नेमके कुठे अडलो आहोत हे ओळखून बंधन निवडायला हवे. हाती लागेल ते बंधन घेऊन बसले, की हे सराव निष्फळ वाटू लागतात.

अडथळा ओळखणे फारसे अवघड नाही. पहिले वाक्यच येत नसेल, मन या विषयावरून त्या विषयावर जात असेल, तर तिथे शब्दयादी उपयोगी पडते. पहिले वाक्य येते, पण लिहून खोडले जाते, पुन्हा लिहून पुन्हा खोडले जाते, अशी अवस्था असेल तर आतला परीक्षक वेळेआधी कामाला लागलेला असतो आणि त्याला थोपवायला घड्याळ लागते. तिसरी अवस्था फसवी असते. पाने भरत जातात, वाक्ये गुळगुळीत असतात, पण वाचून झाल्यावर हाती काही राहत नाही. तिथे लेखक अडलेला दिसत नाही, तरी तो अडलेलाच असतो. अशा मजकुराला घट्ट रचनाबंधात बसवायला घेतले, की त्यात किती भरताड आहे ते उघडे पडते.

यादी कशी करावी, यावर तिचा उपयोग अवलंबून असतो. सहा ते आठ शब्द पुरेत आणि ते सगळे हाताने धरता किंवा डोळ्यांनी पाहता येतील अशा वस्तूंचे असावेत. ‘प्रेम’, ‘काळ’, ‘एकटेपण’ असे शब्द यादीत आले तर यादी काहीच ठरवत नाही, कारण त्यांच्याखाली काहीही लिहिता येते. शब्द एकाच जागेतले असले तरी चालतील, पण त्यांतले एक-दोन एकमेकांशी सहज न जुळणारे असावेत. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांनी तरुणपणी अशा नामांच्या लांबलचक याद्या केल्या आणि त्यांतूनच आपल्या कथा निघाल्या, असे स्वतः लिहून ठेवले आहे. यादीसोबत आणखी एक छोटी यादी हवी, वर्ज्य शब्दांची. ज्या विषयावर लिहायचे आहे त्याचे नाव आणि त्याच्याभोवती हटकून येणारे दोन-तीन शब्द त्या यादीत टाकावेत.

समजा, एखाद्याला गावातले जुने घर विकले गेल्यावर लिहायचे आहे. मनात येणारे पहिले वाक्य बहुधा ‘घर म्हणजे केवळ चार भिंती नसतात’ असेच असेल, आणि ते त्याचे नसेल. आता त्याच्यापुढे यादी ठेवू: खिळा, कुलूप, पावती, जिना, हळद, माठ. वर्ज्य शब्द: घर, आठवण, भावना. वेळ बारा मिनिटे. नियम असा की हात थांबवायचा नाही, मागे जाऊन वाचायचे नाही, काही खोडायचे नाही. अडलेच तर शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा, आणि बारा मिनिटे संपली की अर्ध्या वाक्यात असलो तरी थांबायचे. ही पद्धत पीटर एल्बो यांनी १९७३मध्ये आपल्या लेखनविषयक पुस्तकातून रूढ केली. त्यांचा भर दहा मिनिटांच्या सलग लेखनावर होता. आपल्या लेखकाला ‘घर’ म्हणता येत नाही, म्हणून त्याला एका भिंतीकडे पाहावे लागते. भिंतीवर खिळा आहे. खिळ्याला काय टांगले होते? पावती हा शब्द यादीत असल्यामुळे उत्तर मिळते: पावत्या टोचून ठेवायची तार. त्या तारेत विजेच्या बिलांच्या पावत्या आहेत आणि आजोबा जाऊन इतकी वर्षे झाली तरी बिल अजून त्यांच्याच नावाने येते. हा तपशील बसण्यापूर्वी त्याच्या डोक्यात नव्हता. खिळा आणि पावती हे दोन शब्द शेजारी ठेवावे लागले म्हणून तो आला.

बारा मिनिटांच्या या खर्ड्यातला बराचसा भाग टाकाऊ असतो, आणि तो तसा असणे अपेक्षितच आहे. खर्डा एक दिवस बाजूला ठेवून वाचावा आणि बसण्यापूर्वी ठाऊक नव्हते असे जे आले असेल, तेवढ्याच ओळींखाली रेघ ओढावी. आता त्या ओळी रचनाबंधात घालू. मोठ्या अभंगाचे माप मराठी वाचकाला परिचित आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. आपल्या खर्ड्यातून असे काही निघू शकते: भिंतीवर खिळा । पावत्यांची तार । उघडेच दार । ओसरीचे ॥ नाव आजोबांचे । विजेच्या बिलात । कुलूप हातात । दुसऱ्याच्या ॥ खर्ड्यात याच जागी बहुधा ‘आता ती वास्तू आमची राहिली नाही, या विचाराने मन भरून आले’ असे वाक्य असते. अभंगात शेवटी चारच अक्षरे उरतात आणि त्यांत भरून आलेले मन मावत नाही. ‘दुसऱ्याच्या’ एवढेच मावते, आणि तेवढे पुरते. आखूड चौथा चरण भाष्याला जागाच ठेवत नाही. नंतर गद्यात परतायचे असले तरी ही काटछाट सोबत येते आणि लेखाला आपला शेवट कुठे आहे ते कळते.

याच उदाहरणात रचनाबंधाचा धोकाही दिसतो. ‘उघडेच दार’ हा चरण अनुभवातून आलेला नाही. ‘तार’ने यमक मागितले म्हणून ‘दार’ आले. यमकाने आणलेला शब्द ठेवायचा की काढायचा, याची एक साधी कसोटी आहे. त्याच्या जागी दुसरा यमकी चरण घालून पाहावा. ‘अंगणही गार’ घातले तर अक्षरे बसतात, कानालाही बरे वाटते, पण बाकीच्या कशावरही त्याचा परिणाम होत नाही. ते निव्वळ भरताड आहे. उघडे दार मात्र पुढच्या कडव्यातल्या कुलपाशी जोडले जाते: कुलूप हातात आहे म्हणजे ते अजून लागायचे आहे. काढल्यावर ज्याची उणीव भासते, तो शब्द कुठूनही आलेला असो, रचनेचा झालेला असतो.

बंधनावर पहिला आक्षेप स्फूर्तीच्या बाजूने येतो: आतून आलेले तेच खरे, घड्याळ लावून आलेले कृत्रिम. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने महाविद्यालयीन अध्यापकांवर केलेल्या आणि १९८३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष इथे विचारात घेण्यासारखे आहेत. एका गटाने लिहिणे टाळायचे होते, दुसऱ्याने मनात येईल तेव्हा लिहायचे होते आणि तिसऱ्याला ठरल्याप्रमाणे लिहिणे भागच होते. तिसऱ्या गटाने सर्वांत जास्त लिहिले, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे नव्या कल्पनाही त्यालाच सर्वांत जास्त सुचल्या. प्रयोग लहान होता आणि त्यातले लेखन अभ्यासकांचे होते, म्हणून त्यावर कवितेचा सिद्धान्त उभारू नये. तरीही, स्फूर्ती आधी आणि लेखन नंतर हा क्रम अटळ नाही एवढे त्यातून नक्की दिसते. आपल्या परंपरेलाही हे नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या एकाच रचनाबंधात आहेत आणि मनाचे २०५ श्लोक एकाच भुजंगप्रयातात. त्यांत उत्कटता कमी पडली असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बंधनातून कसरत जन्मते, साहित्य जन्मत नाही. मोरोपंतांनी शंभराहून अधिक रामायणे रचली. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरे वर्ज्य आहेत, म्हणजे रामकथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचे नाही. या कौशल्याने थक्क व्हायला होते, पण वाचकाचे लक्ष कथेपेक्षा कवीच्या शपथेकडे जास्त जाते. याच्या शेजारी जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाची १९६९ची कादंबरी ठेवावी. फ्रेंचमध्ये सर्वाधिक येणारे ‘e’ हे अक्षर तिच्यात मुळीच नाही. पेरेकचे वडील १९४०मध्ये युद्धात मारले गेले, आई ऑशविट्झला पाठवली गेली आणि परतली नाही. कादंबरी नाहीशा होण्याविषयीच आहे, म्हणून त्या गाळलेल्या अक्षराचा अर्थ अनेकांनी हरवलेल्या माणसांशी जोडला. दोन्हीकडे बंधन एकाच जातीचे आहे, फरक ते आशयाशी जोडले जाण्यात आहे. तेव्हा आक्षेप मी अंशतः मान्य करते. सरावाचे बंधन हे सरावापुरते असते. ते आशयाचा भाग झाले तर ठेवावे, नसेल तर दुसऱ्या खर्ड्यात निःसंकोच मोडावे. यादीतला ‘माठ’ अंतिम लेखात नको असेल, तर तो काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरा आक्षेप अनुभवी लेखक घेतात: वेगाने लिहिले की जवळचे, झिजलेले शब्दच आधी येतात. हे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच नुसते घड्याळ अपुरे पडते. वेळेचे बंधन परीक्षकाला बाहेर काढते, पण त्या मोकळ्या दारातून घिसापिटा मजकूरही आत येतो. त्याला अडवायला शब्दयादी आणि वर्ज्य शब्द हवेत. नुसती यादी दिली तर लेखक शब्द गुंफण्याच्या चतुराईत रमतो. घड्याळ त्याला तेवढी सवड देत नाही. नुसता रचनाबंध दिला तर अक्षरे भरण्यासाठी अंगण गार होते. खर्ड्यातला तपशील आधीच हाताशी असेल तर ती वेळ येत नाही. ही बंधने एकमेकांचे दोष झाकतात, मात्र क्रमाने. यादी आणि घड्याळ एकत्र चालतात. रचनाबंध दुसऱ्या दिवशी घ्यावा. तिन्ही एकाच बैठकीत लादली तर लेखक नियम मोजत बसतो आणि ज्या निर्णयांच्या ओझ्यातून सुटायचे होते, तेच पुन्हा डोक्यावर येते.

म्हणून वाचकांतल्या लिहित्या माणसांना माझे सांगणे एवढेच आहे. पुढच्या वेळी पान कोरे राहिले, तर विषयाचा विचार करत बसू नका. समोरच्या खोलीतल्या सहा वस्तूंची नावे लिहा, तीन शब्द वर्ज्य करा आणि बारा मिनिटे हात थांबवू नका. दुसऱ्या दिवशी त्यातल्या ज्या ओळींखाली रेघ ओढाल, तिथून तुमचा लेख सुरू होतो.