सिरी परत आली नाही

गेल्या वर्षी मे महिन्यात लेकीने मला ‘द विचर ३’ खेळायला बसवलं. ती सतरा वर्षांची, मी सेहेचाळीस. आम्ही बंगळूरला राहतो. तिला तलवारबाजीत रस, मला संवादांत, म्हणून मारामारी ती करायची आणि पात्रांनी काय बोलायचं ते मी ठरवायचे. अनुवादकाला याहून चांगली वाटणी कोण देणार?

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा हा गेम २०१५ सालचा. गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस. सिरी त्याच्या पोटची मुलगी नाही, पण त्याने तिला वाढवलंय, शिकवलंय, आणि आता तो तिला शोधतोय. ती सापडते तेव्हा ती मोठी झालेली असते. गेमच्या शेवटी जगावर चालून येणाऱ्या हिमप्रलयाला थोपवायला ती एकटीच एका मनोऱ्यात जाते. ती परत येते की नाही, हे तोवरच्या पाच प्रसंगांवर ठरतं. हे पाच प्रसंग म्हणजे परीक्षा आहे, असं मात्र गेम कुठेही सांगत नाही. ना गुण दिसतात, ना सूचना येते.

पहिला प्रसंग सांगते. मोठ्या लढाईत सिरीचा म्हातारा गुरू वेसेमिर मारला गेलाय आणि ती खचून बसलीय. पडद्यावर दोन पर्याय येतात. एकाचा आशय, तुझं मन कशाने हलकं होईल ते मला ठाऊक आहे. दुसऱ्याचा, सगळंच तुला जमायला हवं असं थोडंच आहे. मी दुसरा निवडला. मला तो समजूतदार वाटला, एखादी मावशी पाठीवरून हात फिरवत बोलेल तसा. त्यावर गेराल्ट तिच्यासोबत दारू प्यायला बसतो आणि गेम गुपचूप माझ्या नावावर एक उणे मांडतो. पहिला पर्याय निवडला असता, तर दोघं बाहेर बर्फाचे गोळे एकमेकांवर फेकत खेळले असते, आणि ते अधिक धरलं गेलं असतं.

हे कळल्यावर मी वैतागले. पर्यायात बर्फाचा उल्लेखच नाही! पडद्यावर दिसतं ते वाक्य नसतं, वाक्याचं शीर्षक असतं. आपण चार शब्द निवडतो आणि पात्र त्यांतून चार ओळी बोलतं, कधी आपल्या मनात नसलेल्या स्वरात. मूळ न वाचता सारांशावरून अनुवाद करण्यासारखंच हे. पण नंतर वाटलं, वाक्य नीट वाचलं असतं तर फरक तिथेच होता. ‘सगळं जमायला हवं असं नाही’ यात तुला हे जमलं नाही, हे गृहीतच धरलेलं आहे.

पुढचे प्रसंगही असेच साधे दिसतात. सिरीला तिच्या जन्मदात्या बापाकडे, म्हणजे सम्राटाकडे नेलं, तर तो मोबदला देऊ करतो. मी तो नाकारला, एवढं तरी बरं केलं. मग चेटकिणींचा एक गट तिला भेटायला बोलावतो. तिच्यासोबत आत जायचं, की तुझं तू बघशील म्हणायचं? मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, चल, मी येते. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. त्याच फेब्रुवारीत एका कॉलेजच्या मुलाखतीला मी तिच्यासोबत गेले होते. दार उघडं होतं, आणि तिला विचारलेल्या दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर मी बाहेरून दिलं होतं.

चौथ्या प्रसंगात आपला मार्गदर्शक आपल्याबद्दल काय काय लपवत होता, ते त्याच्या प्रयोगशाळेत सिरीला कळतं. ती संतापते. मी म्हणाले, शांत हो. हवं होतं ते म्हणजे, फोड काय फोडायचं ते. पाचवा प्रसंग थडग्याचा. तिला आसरा देणारा तरुण गावाने पळपुटा ठरवला, तो मेला, आणि त्याचा निरोप घ्यायला तिला जायचंय. मी सोबत गेले. दोन अधिक, तीन उणे.

निकाल लागतो तो कित्येक तासांनी. मनोऱ्याच्या दाराशी सिरीला गेराल्टसोबतचे ते क्षण आठवतात, तेच आपले पाच प्रसंग. त्यांच्या बळावर ती आत जाते. माझी सिरी परत आली नाही. शेवटी गेराल्ट दलदलीत उरलेल्या एका चेटकिणीला मारून वेसेमिरचं लॉकेट मिळवतो आणि झोपडीत ते हातात घेऊन बसून राहतो. बाहेरून राक्षस जवळ येत असतात. पडदा काळा होतो.

मागे जाऊन चूक सुधारावी म्हटलं, तर जुनी सेव्ह फाइल कित्येक तास मागची.

जूनमध्ये मी पुन्हा खेळले, या वेळी कुठे काय म्हणायचं ते पाठ करून. बर्फाचे गोळे फेकले, प्रयोगशाळा फोडू दिली, चेटकिणींकडे तिला एकटीला पाठवलं. सिरी जगली. सम्राटाला ती मेली असं खोटं सांगून गेराल्ट एका खाणावळीत तिला चांदीची तलवार देतो आणि ती राक्षस मारायला निघते. तिसराही शेवट आहे. तिला बापाकडे नेलेलं असेल आणि युद्धाचा निकालही त्याच्या बाजूने लागला असेल, तर ती सम्राज्ञी व्हायला जाते आणि गेराल्टचा निरोप घेते.

मग खरा शेवट कोणता? मूळ लेखकाचा म्हणावा, तर आंजेय सापकोव्स्की यांच्या मुख्य कादंबरीमालिकेचा शेवटचा खंड १९९९ सालचा. त्यात जमावातला एकजण गेराल्टला दाताळ्याने भोसकतो आणि सिरी त्याला नावेतून घेऊन जाते. गेमची अख्खी कथाच त्यानंतरची, म्हणजे तिथे तिन्ही शेवट सारखेच उपरे. पुढच्या गेमवरून ठरवावं, तर डिसेंबर २०२४ मध्ये चौथ्या भागाची झलक दाखवली गेली आणि त्यात सिरीच नायिका आहे, राक्षस मारणारी. म्हणजे माझा शेवट कंपनीच्या हिशेबात घडलेलाच नाही.

लेकीचं मत स्पष्ट आहे. ज्यात सिरी जगते तो खरा, बाकीचे आपण चुकलो म्हणून मिळालेले. मला ते पटत नाही. अनुवादात मी दहा खर्डे करते आणि शेवटचा तोच खरा मानते, कारण मूळ मजकूर समोर असतो आणि प्रत्येक खर्डा त्याच्या थोडा अधिक जवळ जातो. इथे मूळ कुठे होतं? पहिल्या खेपेला मी जे बोलले ते माझं होतं, दुसऱ्या खेपेला मी उत्तरपत्रिकेतून वाचून दाखवत होते. बर्फातली सिरी हसत होती, आणि मी पुढचं बटण कोणतं ते आठवत होते.

तरी एक गोष्ट मान्य करते. प्रयोगशाळेत ती बाटल्या फोडत होती तेव्हा पाठांतर विसरून मी मोठ्याने हसले, आणि लेकही.

ऑगस्टमध्ये ती दुसऱ्या एका कॉलेजच्या मुलाखतीला गेली. मी रिक्षा बोलावून दिली आणि घरीच थांबले. बाहेर आल्यावर तिने फोन केला नाही, संध्याकाळी घरी येऊनच सांगितलं. दोन्ही सेव्ह फाइल्स अजून आहेत. जागा कमी पडते म्हणून ती पहिली पुसायला निघाली होती. मी नको म्हटलं.